कन्नडची भाषा-चाचणी आहे: लिपी आणि ओळखीचे शब्द यांवर कितपत भिस्त ठेवावी?

तेजू_सोलापूर

नमस्कार मंडळी. एका सरकारी बँकेच्या लिपिक भरतीत मी कर्नाटकातल्या जागांसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा पार पडली, यादीत नाव आलं. आता रुजू होण्याआधी स्थानिक भाषेची चाचणी आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत कन्नड विषय असलेल्यांना त्यातून सूट आहे, माझ्या गुणपत्रिकेत तो नाही. जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय की भाषा वाचता, लिहिता, बोलता आणि समजता आली पाहिजे. नाही आली तर निवड रद्द.

मामाचं गाव अक्कलकोट तालुक्यात. तिथे निम्मी आळी कन्नड बोलते, त्यामुळे कान तयार आहे आणि मोडकंतोडकं बोलताही येतं. लिहिण्या-वाचण्याची मात्र आत्ता कुठे सुरुवात आहे. वर्णमाला पाठ झाली, सुटी अक्षरं ओळखते. वर्तमानपत्र उघडलं की जोडाक्षरापाशी अडते.

घरातले म्हणतात, "अगं, निम्मे शब्द आपलेच आहेत, संस्कृतातले. वाचता आलं की झालं." यावर किती विसंबावं? दिवाळीनंतर कधीही बोलावतील. बऱ्याच जणांच्या फोनवर कन्नड अक्षरांचे चौकोन दिसतात, म्हणून उदाहरणं देवनागरीतच द्या.

बाणेरचा_बापू

अभिनंदन! घरातले बरोबर सांगतायत. विद्यालय, पुस्तक, समय, ग्राहक, दिनांक सगळं तेच. आणि आपण लहानपणी विटीदांडूत "वकट, लेंड, मूंड, नाल" मोजायचो ते कन्नडच. म्हणजे आकडेसुद्धा येतातच की.

निपाणीकर

बापू, ते आकडे तेलुगू आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. तेजूताईंनी चाचणीत "वकट" म्हटलं तर समोरचे आंध्रात पाठवतील. 😀

बाणेरचा_बापू

अरे वा, हे माहीत नव्हतं. पण मूंड आणि मूरु, नाल आणि नाल्कु, भाऊबंदच आहेत ना!

जतच्या_बाई

तेजू, मी जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. तू अडतेस तिथेच मराठी मुलं अडतात आणि त्याचं कारण अगदी ठरलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवनागरीत जोडाक्षर लिहिताना आपण पहिलं व्यंजन अर्धं करतो आणि दुसरं पूर्ण ठेवतो. "शक्ति" मध्ये क अर्धा, त पूर्ण आणि वेलांटी त्या जोडीची. कन्नडमध्ये उलटं आहे. पहिलं व्यंजन पूर्ण आकारात वर राहतं, दुसरं बारीक होऊन त्याच्या खाली किंवा खाली उजवीकडे बसतं. खालच्या या अक्षराला ओत्तक्षर म्हणतात. आता खरी मेख अशी की स्वराची खूण वरच्या, म्हणजे पहिल्या व्यंजनालाच चिकटते. त्यामुळे "शक्ति" हा शब्द डोळ्यांना "श", मग "कि", आणि त्या "कि"च्या खाली लहानसा "त" असा दिसतो. मराठी डोळा "शकित" वाचतो. "स्थिति" दिसते "सि"च्या खाली "थ", पुढे "ति". मूल "सिथति" वाचतं.

यावर एकच शिस्त. खाली काही लटकलेलं आहे का ते अक्षर उच्चारण्याआधी बघायचं. असेल तर वरचं व्यंजन स्वराशिवाय म्हणायचं, मग खालचं, आणि स्वर शेवटी. क्, त, इ. सुरुवातीला बोट ठेवून वाच: आधी वर, मग खाली, मग परत वर. थोड्या दिवसांत बोट लागत नाही.

खालची बहुतेक अक्षरं मूळ अक्षराचीच छोटी रूपं असतात, नुसती डोक्यावरची खूण गळलेली. पण त, न, म, य, र, ल या सहांची ओत्तक्षरं मुळापासून वेगळी दिसतात आणि नेमकी हीच सगळ्यात जास्त वापरात आहेत. ही सहा वेगळ्या कागदावर काढून भिंतीला लाव. बाकीची आपोआप ओळखू येतील.

तेजू_सोलापूर

बाई, "शकित" हे अगदी माझंच वाचन आहे! आणि रफाराचं काय? "कर्नाटक" हाच शब्द मला पाटीवर धड वाचता येत नव्हता.

जतच्या_बाई

रफाराची तर तुला अर्धी सवय आधीच आहे. मराठीत "धर्म" लिहिताना र उच्चारात म च्या आधी, पण कागदावर म च्या डोक्यावर, म्हणजे म लिहून झाल्यावरच आपण तो काढतो. कन्नडमध्येही म आधी येतो आणि र ची खूण त्याच्यानंतर, फक्त डोक्यावर नसून उजव्या बाजूला. ती कन्नड नऊच्या आकड्यासारखी दिसते. तिला अर्कावत्तु म्हणतात. अक्षरांच्या मध्येच नऊ दिसला की तो आकडा समजायचा नाही. एक अक्षर मागे जायचं आणि त्याच्या आधी र् म्हणायचा.

दोन्ही नियम एकत्र बघायचे तर "विद्यार्थि" घे. पहिलं "वि" सरळ. मग "दा", त्याच्या खाली य चं ओत्तक्षर. वरचं स्वराशिवाय, खालचं, मग स्वर: द्या. मग "थि" आणि त्याच्यानंतर नऊसारखी खूण. मागे जाऊन र् लाव: र्थि. वि-द्या-र्थि. हा शब्द न अडखळता वाचता आला की वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लाग.

कावेरीकाठ

मी बेंगळुरूत नोकरीला आहे. लिपीच्या भानगडीत पडूच नका. "एष्टु", "बेकु", "बेडा", "स्वल्प अड्जस्ट माडि" एवढ्यावर माझं सगळं चालतं. रिक्षावाले खूश असतात.

निपाणीकर

कावेरीकाठ, प्रश्न चाचणीचा आहे, रिक्षाचा नाही. त्यांना वाचून आणि लिहून दाखवायचंय.

तेजूताई, मी निपाणीचा. घरात मराठी, शाळेत कन्नड दुसरी भाषा. ओळखीच्या शब्दांवर विसंबायचं असेल तर ते कोणत्या वेशात येतात ते आधी बघा. आपल्याकडे आकारान्त असलेला संस्कृत स्त्रीलिंगी शब्द तिकडे एकारान्त होतो. शाखा म्हणजे शाखे, परीक्षा परीक्षे, भाषा भाषे, सूचना सूचने, प्रार्थना प्रार्थने. ईकारान्त असेल तर शेवटची ई ऱ्हस्व होते, नदी ची नदि.

आणखी कामाची गोष्ट म्हणजे "इसु". संस्कृत नामाला इसु लावलं की क्रियापद तयार. विनंतिसु म्हणजे विनंती करणे, उपयोगिसु म्हणजे वापरणे, प्रारंभिसु, स्वीकरिसु, चर्चिसु, पालिसु. "मी करतो" म्हणायचं तर पुढे त्तेने: विनंतिसुत्तेने. अर्ज लिहिताना या एका प्रत्ययावर निम्मी क्रियापदं निघतात. तुमच्याकडे नाम आहेच, क्रियापद वेगळं पाठ करावं लागत नाही.

माजी_रोखपाल

उत्तर कर्नाटकात बरीच वर्षं बँकेत काढली आणि अशा चाचण्या घेणाऱ्यांच्या टेबलाशीही बसलो आहे. आमच्याकडे पद्धत साधी होती. वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यायचा, काय लिहिलंय ते विचारायचं, शाखाधिकाऱ्याला चार-पाच ओळींचा अर्ज लिहून घ्यायचा आणि मग घर, गाव, शिक्षण यावर गप्पा. प्रत्येक बँकेत थोडाफार फरक असतो, पण साहित्यातलं कोणी विचारत नाही.

बँकेच्या शब्दांबाबत मराठी माणसाचं नशीब थोर आहे, कारण तिथे संस्कृतापेक्षा आपली जुनी दफ्तरी मराठी जास्त भेटते. खात्याला खाते, ठेवीला ठेवणि, सहीला सहि, अर्जाला अर्जि, पावतीला रशीदि, रोखीला नगदु, शिल्लक म्हणजे शिल्कु, चालू खातं म्हणजे चाल्ति खाते, कार्यालयाला कचेरि. बचत खातं मात्र उळिताय खाते आणि व्याज म्हणजे बड्डि. हे दोन पाठच करावे लागतात.

एक नमुना वाक्य देतो, असलाच मजकूर लिहायला येतो:

"नन्न उळिताय खातेयन्नु विजयपुर शाखेयिंद धारवाड शाखेगे वर्गायिसबेकेंदु विनंतिसुत्तेने."

आता हे मराठीच्या शेजारी ठेवा: "माझं बचत खातं विजयपूर शाखेतून धारवाड शाखेला वर्ग करावं अशी विनंती करते." शब्दांचा क्रम जसाच्या तसा. नन्न म्हणजे माझं. खाते ला "अन्नु" लागला, तो कर्माचा प्रत्यय. शाखे ला "इंद" म्हणजे तून, "गे" म्हणजे ला. वर्गायिसु म्हणजे वर्ग करणे, त्याला बेकु, म्हणजे पाहिजे. त्यापुढचा "एंदु" हा आपल्या "असं, म्हणून" च्या जागेवर येतो. मराठीत विचार करून त्याच क्रमाने लिहिलं तरी वाक्य कन्नडच राहतं. इंग्रजीतून विचार केलात तर मोडेल.

धारवाडच्या_माई

सगळ्यांचं वाचलं. उपयोगाचं आहे, पण मला एका गोष्टीची काळजी वाटते. लग्नानंतर मी धारवाडला आले तेव्हा मलाही असंच सांगितलं होतं की शब्द सारखेच आहेत. सारखे दिसतात ते शब्द कागदावरचे. काउंटरवर म्हातारी आजी येऊन "हण" किंवा "नगदु" म्हणणार नाही. ती म्हणेल "रोक्क तगीबेकरि". रोक्क म्हणजे पैसे, ते तुम्हाला "रोख" वरून कळेल, पण "तगी" म्हणजे काढणे हे कोणत्या संस्कृतातून कळणार? खाणं, पिणं, जाणं, बसणं, काल, उद्या, वर, खाली, सगळे रोजचे शब्द देशी कन्नड आहेत.

आणि सारखे दिसणारे काही शब्द चकवतातही. "विळास" म्हणजे पत्ता. "साल" म्हणजे कर्ज, वर्ष नव्हे. "अवकाश" म्हणजे संधी. "अनुमान" म्हणजे संशय. "अवसर" म्हणजे घाई. ग्राहक "साल बेकु" म्हणाला आणि तुम्ही "कोणतं साल?" विचारलंत तर पंचाईत.

बाणेरचा_बापू

"कोणतं साल" वर फुटलो 😂 पण माई, कादंबरीला कादंबरि, अपघाताला अपघात, शिक्षण आणि शिक्षे हेही आपल्यासारखेच आहेत असं वाचलंय. हिंदीवाल्यांना हे जमणार नाही.

धारवाडच्या_माई

ते खरं आहे. "शिक्षे" म्हणजे दंडच, आपल्या शिक्षेसारखा. तिथे मराठी माणूस फसत नाही, हिंदीवाला फसतो. पण सारखे किती आणि चकवे किती याचा हिशोब मांडत बसण्यापेक्षा रोज कुणाशी तरी अर्धा तास बोला, असं माझं स्पष्ट मत.

निपाणीकर

माई, नोकरी लागल्यावरचं तुम्ही सांगताय ते शंभर टक्के बरोबर. पण आधी चाचणी. तेजूताईंना बोलणं थोडं येतंच. त्यांची अडचण वाचन-लेखनाची आहे आणि वर्तमानपत्राची, अर्जाची भाषा संस्कृतप्रचुर असते. तिथे ओळखीच्या शब्दांचा फायदा आत्ता घ्यायचा नाही तर कधी?

धारवाडच्या_माई

घ्यावा की. पण समोरच्याने परिच्छेद वाचायला लावून अर्थ विचारला तर क्रियापदावरच बोट ठेवतो, आणि क्रियापदं तुमच्या इसुवाली सगळी नसतात. "कोट्टरु", "होदरु", "बंदरु" आले की संस्कृत संपलं.

जतच्या_बाई

दोघांचं खरं आहे, मी मध्ये पडत नाही. एक खूण मात्र सांगते, ती दोन्ही बाजूंना उपयोगी आहे.

अस्सल कन्नड शब्दांत ख, घ, ध, भ असे महाप्राण जवळजवळ नसतातच. कन्नड लिपीत ध, ढ, फ, भ, छ या अक्षरांच्या बुडाशी एक छोटी उभी रेघ असते. द ला रेघ दिली की ध, प ला दिली की फ. वाचताना अशी रेघ असलेलं अक्षर दिसलं, किंवा श, ष, क्ष, ज्ञ, ऋ दिसलं, की तो शब्द बहुधा बाहेरून आलेला आणि तुझ्या ओळखीचा. तिथे जरा धीर धरून मराठीत ओळखायचा प्रयत्न कर. एकही अशी खूण नसलेला आणि "उ" ने संपणारा शब्द आला तर तो बहुतेक देशी, तिथे अंदाज बांधत बसू नकोस, वहीत लिहून घे. पानावर पेन्सिलीने दोन्ही प्रकारच्या शब्दांना वेगळ्या खुणा केल्यास की आपल्याला काय पाठ करायचंय हे आपोआप समोर येतं.

काही अक्षरं सारखी दिसतात तीही बघून ठेव. ष म्हणजे प च्या पोटात आडवी-तिरपी रेघ. ठ म्हणजे र च्या पोटात टिंब. म दिसतो व ला उकार दिल्यासारखा, म्हणून खरा "वु" आणि "पु" लिहिताना उकार वेगळ्या जागी, खालून जोडतात. "वु" नेहमीसारखा जोडलास तर तपासणारा "म" वाचेल.

कोइमतूरचा_पाहुणा

थोडं विषयांतर. माझी बदली कोइमतूरला झाली आहे आणि मलाही तमिळ लिहिता-वाचता यावं असं कार्यालयाकडून सांगण्यात आलंय. इथली युक्ती तमिळला चालेल का? मला तर एकही शब्द ओळखू येत नाही.

निपाणीकर

तमिळमध्ये हाच मार्ग जास्त दाट झाडीतून जातो. क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर. च, ट, त, प वर्गातही तेच. त्यामुळे भय हा शब्द लिहितात "पयम्" आणि वाचतात "बयम्". भाग होतो बागम्, पुस्तक होतं पुत्तगम्. शब्द आपलाच, पण बुरखा घालून येतो. शेवटचा अम् काढून टाका आणि पहिल्या अक्षराच्या जागी वर्गातली चारही अक्षरं घालून बघा, मग दिसायला लागतात. कन्नडच्या ए च्या जागी तिकडे ऐ: सभा, सभे, सबै. कथा, कथे, कदै. ज, ष, स, ह यांना वेगळी ग्रंथ अक्षरं आहेत, ती दिसली की बाहेरचा शब्द.

एक सोय मात्र तमिळमध्ये आहे. जोडाक्षरं एकमेकांखाली बसत नाहीत, व्यंजनाच्या डोक्यावर टिंब दिलं की तो अर्धा. बाईंनी सांगितलेली वर-खालीची कसरत तिथे नाही.

कोइमतूरचा_पाहुणा

हे चारही अक्षरं घालून बघायचं आज दुकानाच्या पाट्यांवर करून बघतो. "आपण" आणि "आम्ही" असा फरक तमिळमध्येही आहे असं सहकारी म्हणाला, खरं का?

निपाणीकर

हो. नाम् म्हणजे आपण, नांगळ् म्हणजे आम्ही. कन्नडमध्ये मात्र दोन्हींना नावु.

माजी_रोखपाल

विषयांतर चाललंच आहे तर भर घालतो. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी एकच गोष्ट तीन भाषांत कोरलेली आहे, की चावुंडरायाने ही करवली. कन्नडमध्ये "माडिसिदं", तमिळमध्ये "सेय्वित्तान्", मराठीत "करवियलें". तिन्ही भाषांत क्रियापद "करणे" नसून "करवणे" आहे, आणि माडिसिदं मध्ये निपाणीकरांचा तोच "इसु" बसलेला आहे. माडु म्हणजे करणे, माडिसु म्हणजे करवून घेणे.

बाणेरचा_बापू

तोच मराठीतला पहिला शिलालेख ना?

माजी_रोखपाल

शाळेत तसं शिकवत. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा लेख त्याहून जुना मानणारे अभ्यासक आहेत. तो वाद वेगळ्या धाग्यावर काढा, इथे तेजूची चाचणी राहून जाईल.

तेजू_सोलापूर

नाही नाही, आवडलं. आता माडिसु विसरणार नाही.

बाईंच्या शिस्तीने मथळे वाचायला लागलेय, वेग कमी आहे पण "शकित" बंद झालं. आता श्रुतलेखन. मामेबहीण शब्द सांगते आणि मी लिहिते, तिथे एकार आणि ओकार चुकतात. मला ऐकायलाच फरक येत नाही. शिवाय ती म्हणते माझं वाचन "मराठी वास मारतं".

जतच्या_बाई

मराठीत ए आणि ओ एकाच प्रकारचे, कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे आणि अर्थ बदलतो. ऱ्हस्वासाठी मी इथे ऎ लिहिते. "बॆळे" म्हणजे शेतातलं पीक, "बेळे" म्हणजे डाळ, आपल्या बिसिबेळे भातातली. ऱ्हस्व ओ चा "कॊडु" म्हणजे दे, दीर्घाचा "कोडु" म्हणजे शिंग. कान तयार करायचा तर अशा जोड्या बहिणीला उलटसुलट म्हणायला सांग आणि तू फक्त "पीक" की "डाळ" एवढंच बोल. लिहायचं नंतर. लिहिण्यात एक सोय आहे: दीर्घ ई, ए, ओ या तिघांना एकच शेपटी लागते. ऱ्हस्व खूण काढ, लांब ऐकू आलं तर शेपटी जोड.

वासाचं कारण शेवटचा अ. आपण "पुस्तक" लिहितो आणि "पुस्तक्" म्हणतो. कन्नडमध्ये शेवटचा अ पूर्ण म्हणतात: पु-स्त-क. जिथे खरोखर अर्धं म्हणायचं तिथे ते अर्ध्याची खूण लिहितात. म्हणून बँक लिहायचं "ब्यांक्", ब खाली य आणि शेवटी अर्ध्याची खूण. आपल्या ॲ ला तिकडे "्या" वापरतात, मॅनेजरचं म्यानेजर्. हे दोन शब्द तुझ्या अर्जात येणारच. "ज्ञ" लिहिताना ज च्या खाली ञ. आपण "द्न्य" म्हणतो म्हणून मुलं द आणि न जोडून बसतात.

निपाणीकर

वाचनासाठी बालभारतीची कन्नड माध्यमाची पुस्तकं घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात. परिसर अभ्यासाचं तेच पुस्तक मराठीतही आहे, धडा तोच, चित्रं तीच. दोन्ही शेजारी उघडून वाचलं की शब्दकोश लागत नाही. तिसरी-चौथीची पुरतील.

धारवाडच्या_माई

हे मात्र मला पटलं. त्यात देशी क्रियापदंही भरपूर येतात.

तेजू_सोलापूर

दोन्ही पुस्तकं उतरवली. हा माझा पहिला अर्ज, कन्नडमध्ये वहीत लिहिलाय, इथे देवनागरीत:

"नन्न विळास बदलागिदे. होस विळासन्नु दाखलिसबेकेंदु विनंतिसुत्तेने. अर्जिय जोतेगे रशीदि इदे."

म्हणजे: माझा पत्ता बदलला आहे. नवा पत्ता दाखल करावा अशी विनंती करते. अर्जासोबत पावती आहे. "दाखलिसु" मी इसु लावून स्वतःच बनवलं, चालेल का?

माजी_रोखपाल

दाखलिसु अगदी चालू शब्द आहे, कचेरीत रोज वापरतात. पत्ता बदलण्याला पावती कशाला, "दाखले" लिही. दाखले म्हणजे पुरावा, कागदपत्र. "अर्जिय जोतेगे दाखले इदे."

जतच्या_बाई

"विळासन्नु" नाही, "विळासवन्नु". शब्द अ ने संपत असेल तर अन्नु च्या आधी व येतो: पुस्तकवन्नु, विळासवन्नु. इ किंवा ए ने संपत असेल तर य: अर्जियन्नु, खातेयन्नु. "ला" लावतानाही तीच वाटणी. शाखेगे, पण धारवाडक्के, विळासक्के. अ ने संपणाऱ्या निर्जीव नामाला क्के लागतं. बाकी अर्ज नीट आहे.

वहीतला फोटो टाकशील का? दाखलिसबेकेंदु मधल्या "कें" चा अनुस्वार तू डोक्यावर दिला असशील असा मला संशय आहे. कन्नडमध्ये तो अक्षरानंतर, ओळीतच, पूर्ण शून्यासारखा गोल येतो.

तेजू_सोलापूर

डोक्यावरच दिलाय. 🙈 सगळा अर्ज पुन्हा लिहून रात्री फोटो टाकते. अर्कावत्तु बघूनही सांगा, "अर्जि" मध्ये आहे. मामेबहीण र पूर्ण लिहून त्याच्या खाली ज काढते, पुस्तकात मात्र नऊसारखी खूण आहे. चाचणीत कोणतं लिहू?

जतच्या_बाई

बहिणीची पद्धतही चूक नाही, हाताने लिहिणारे बरेच जण तसं लिहितात. तू छापील पुस्तकातली धर, कारण वाचायला तीच समोर येणार आहे.

कावेरीकाठ

मी पण आजपासून तिसरीचं पुस्तक उघडतोय. बाई, "स्वल्प" मध्ये ल खाली प आहे ना? रोज बोलतो तो शब्द पहिल्यांदा पाटीवर वाचला.

जतच्या_बाई

हो. आणि त्याच्या आधी स खाली व. दोन्ही वर-खाली, मध्ये श्वास घेऊ नका.

धारवाडच्या_माई

तेजू, रविवारी संध्याकाळी मोकळी असशील तर मला निरोप टाक. फोनवर फक्त कन्नडमध्ये बोलू, घर, गाव, शिक्षण, रोखपालांनी सांगितलेलंच. अडलीस तरी मराठीत वळायचं नाही.